दोन खुर्च्या, एक डॉक्टर आणि साडेसहाची गर्दी: अपॉइंटमेंटचं गणित कसं बसवावं?

दंतकथा
कोथरूडमधल्या एका डेंटल क्लिनिकचं फ्रंट डेस्क आणि हिशेब माझ्याकडे आहे. खुर्च्या दोन, डॉक्टर मॅडम एकट्याच, एक असिस्टंट आणि रिसेप्शनला एक ताई. वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५:३० ते ९.

सरसकट अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट देतो, दोन्ही खुर्च्यांवर. संध्याकाळी वहीत साधारण १२ नावं असतात. त्यातले दोन-तीन येतही नाहीत आणि कळवतही नाहीत. तरीही साडेसहापासून बाकावर जागा उरत नाही आणि शेवटचा पेशंट पावणेदहाला बाहेर पडतो. मधेच एखादी वीस मिनिटं मात्र मॅडम मोकळ्या बसलेल्या असतात. सकाळ तर बरीचशी रिकामीच जाते.

अपॉइंटमेंटचं कुठलं ॲप घ्यावं? परवडणारं सुचवा.

कात्री_कंगवा
आमच्याकडे सलूनमध्ये हाच घोळ. शनिवारी पुरुष गिऱ्हाईक केस कापायला येत नाही, सोमवारी आम्ही बंद, आणि रविवारी सकाळी अख्खी सोसायटी दारात. ॲप घेतलं तरी रविवारचा शनिवार होत नाही हो. रविवारला उपाय आहे का कुणाकडे?

आडवातिडवा
सोपं आहे. विमान कंपन्या करतात तेच करा. २०% लोक येत नाहीत ना? मग २५% नावं जास्त लिहा. आठ जणांची जागा असेल तर दहा जणांना बोलवा, सरासरी आठच येतील. ॲपबिपची गरज नाही.

मिनिटमास्तर
@आडवातिडवा, सरासरी बरोबर आहे, पण क्लिनिक रोज सरासरीवर चालत नाही. प्रत्येक जण न येण्याची शक्यता २०% धरली आणि दहा नावं लिहिली, तर नऊ किंवा दहाच्या दहा येण्याची शक्यता जवळपास ३८% निघते. म्हणजे आठवड्याच्या सहा संध्याकाळींपैकी दोन-तीन वेळा बाकावर भांडण. विमानात दोनशे सीट असतात, तिथे हे चढउतार पोटात मावतात. आठ माणसांत मावत नाहीत. शिवाय दांडी सातच्या माणसाने मारली आणि तुमचा जादा माणूस सहाचा असला, तर भोक एकीकडे आणि ठिगळ दुसरीकडे.

@दंतकथा, ॲप नंतर बघू. सरसकट अर्धा तास हेच मूळ दुखणं आहे. टाके काढायला दहा मिनिटं लागतात, दाढेच्या रूट कॅनॉलच्या पहिल्या बैठकीला तासभर. दोघांनाही अर्धा तास दिला, की पहिल्याच्या मागे भोक पडतं आणि दुसऱ्याच्या मागे रांग लागते. त्यामुळे तुमच्याकडे वाट बघणं आणि रिकामं बसणं एकाच संध्याकाळी होतं.

दुसरं म्हणजे तुम्ही खुर्च्या मोजताय. खुर्च्या दोन असल्या तरी डॉक्टरचे हात दोनच आहेत. त्यामुळे वही मॅडमच्या मिनिटांची हवी.

पहिले दोन आठवडे काहीही न बदलता एका कागदावर प्रत्येक पेशंटसमोर चार वेळा लिहा: दिलेली वेळ, दारात आला ती वेळ, खुर्चीत बसला ती वेळ, खुर्चीतून उठला ती वेळ. त्यापुढे कामाचा प्रकार, आणि आला नसेल तर अपॉइंटमेंट किती दिवस आधी दिली होती तो आकडा. ताईंनी लिहायचं, मॅडमनी नाही. डॉक्टरला स्वतःच्या हाताखालचा वेळ नेहमी कमीच वाटतो.

सदाशिव_पेठी
त्या कागदात पाचवा रकाना घाला: डॉक्टर किती वाजता आले. पेशंटने साडेपाचला हजर राहायचं आणि डॉक्टरांनी सहाला चहा घेत यायचं, मग पेशंटही शहाणा होऊन सहालाच येतो. तुमच्या क्लिनिकबद्दल बोलत नाही, सर्वसाधारण निरीक्षण आहे.

मिनिटमास्तर
टोमणा असला तरी मुद्दा खरा आहे. पहिला पेशंट खुर्चीत उशिरा बसला, तर तो उशीर रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर बसतो, कारण मधे भरून काढायला जागा ठेवलेली नसते. वेगळा रकाना मात्र नको. पहिल्या माणसाची ‘दारात’ आणि ‘खुर्चीत’ या दोन वेळांतलं अंतर रोज १५ मिनिटं दिसलं, तर दोष पेशंटचा नाही हे आपोआप कळतं.

दंतकथा
कागद आजपासून सुरू करते. पण कामाप्रमाणे वेळ द्यायची म्हणजे नक्की कशी? एक संध्याकाळ मांडून दाखवाल का? मॅडम म्हणतात, रूट कॅनॉलला कधी ४० मिनिटं लागतात, कधी ७०.

मिनिटमास्तर
वहीचं पान दहा-दहा मिनिटांच्या चौकोनांत आखा आणि खुर्ची १, खुर्ची २ असे दोन रकाने करा. जो चौकोन मॅडमच्या हातचा आहे तो पेनाने भरा. ज्यात खुर्ची अडलेली आहे पण मॅडम मोकळ्या आहेत, तो पेन्सिलीने. एकाच ओळीत दोन पेनाचे चौकोन आले नाहीत पाहिजेत. एवढा एकच नियम.

५:३०, खुर्ची १: खालच्या दाढेचं रूट कॅनॉल, पहिली बैठक. मॅडम इंजेक्शन देऊन ५:४० ला उठतात.
५:४०, खुर्ची २: टाके काढणे, दहा मिनिटं. खालच्या दाढेचं इंजेक्शन चढायला ५ ते १० मिनिटं जातातच, ती इथे वापरली.
५:५० ते ६:३०, खुर्ची १: मॅडम परत रूट कॅनॉलवर.
६:३० ते ६:५०, खुर्ची २: नवीन पेशंट, तपासणी आणि एक्स-रे. याला ६:१५ ची वेळ द्यायची आणि फॉर्म ताईंनी बाहेरच भरून घ्यायचा. तेवढ्यात असिस्टंट खुर्ची १ पुसून तयार करते.
६:५० ते ७:२०, खुर्ची १: फिलिंग.
७:२० ते ७:४०, खुर्ची २: कॅप बसवणे.
७:४० ते ७:५०: काही नाही. मुद्दाम.
७:५० ते ८:३०, खुर्ची १: रूट कॅनॉलची दुसरी बैठक.
८:३० ते ८:५०, खुर्ची २: लहान फिलिंग.
८:५० ते ९: पुन्हा रिकामं.

मॅडमची २१० पैकी १९० मिनिटं भरली. वरची २० मिनिटं वाया गेली असं समजू नका. रूट कॅनॉल ४० ऐवजी ५० मिनिटं चाललं, तर तो उशीर ७:४० ला जिरतो, नवाला जाऊन साचत नाही. संध्याकाळ शंभर टक्के भरली, की एका पेशंटचा उशीर सगळ्यांचा होतो.

४० की ७० याबद्दल: कागदावरचे दाढेच्या रूट कॅनॉलचे वेळ उतरत्या क्रमाने लावा आणि सरासरी न घेता मधला आकडा धरा. सरासरी एखाद्या वाकड्या मुळाच्या दाढेमुळे फुगते. एक्स-रेवरच अवघड दिसतेय अशी दाढ मॅडमनी आधी सांगायची आणि ती सकाळी घ्यायची.

आडवातिडवा
अहो, १२ नावं होती, तुम्ही सातवर आणली! धंदा बुडवायचा का?

मिनिटमास्तर
बारातले आले नऊ, आणि संपलं पावणेदहाला. म्हणजे २५५ मिनिटांत नऊ, माणशी २८ मिनिटं. इथे २१० मिनिटांत सात, माणशी ३०. वेग जवळपास तोच आहे, फक्त बाकावर तासभर कुणी बसत नाही आणि मॅडम पाऊण तास आधी घरी जातात. उरलेले दोन पेशंट सकाळी सरकवायचे: दात साफ करणं, कॅपचं माप, तपासणी अशा कामांचे. निवृत्त मंडळी, गृहिणी, कॉलेजची मुलं यांना ताईंनी ‘कधी जमेल?’ असं विचारायचंच नाही. ‘उद्या ११ ला की परवा साडेदहाला?’ असं विचारायचं. मोकळा प्रश्न विचारला, की सगळं पुणं साडेसहा म्हणतं.

सकाळ भरल्यावरही लोक उरत असतील, तर वही काही करू शकत नाही. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी दुसरा डेंटिस्ट बोलवावा लागेल.

आणि हो, पहिल्या वेळेला दोघांना बोलवा असा एक जुना नियम आहे, १९५२ साली बेली आणि वेल्च यांनी हॉस्पिटलच्या ओपीडीसाठी मांडलेला. डॉक्टर कधी रिकामा बसू नये म्हणून. पाच-सात मिनिटांत एक पेशंट तपासणाऱ्या फिजिशियनकडे तो चालतो. तुमच्याकडे ५:४० चा टाक्यांचा पेशंट तेच काम करतोय.

कात्री_कंगवा
हे पेन-पेन्सिल आम्ही न लिहिता करतो की! कलर लावून झाला, की तो चढेपर्यंत पाकिटावर सांगितलेली ३०-३५ मिनिटं बाई बसूनच असते. तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीवर एक कटिंग होतं. घोळ कुठे होतो माहितीये? मधलं कटिंग लांबलं, की कलर वेळेपेक्षा जास्त राहतो. म्हणून मधे फक्त साधं कटिंग घ्यायचं, दाढी-फेशियल जोडून मागणारा नाही.

मिनिटमास्तर
अगदी तेच. इंजेक्शन आणि काम यांच्या मधल्या दहा मिनिटांत नवीन पेशंट घालायचा नाही. नवीन माणूस प्रश्न विचारतो, आणि विचारलेच पाहिजेत. तिथे टाके काढणं किंवा कॅप टोचत असेल तर घासून देणं, इतकंच.

निशिगंध
एका दोन खुर्च्यांच्या क्लिनिकची रिसेप्शन मी सांभाळते. वरच्या मांडणीत एक गोष्ट सुटली आहे: हँडपीस, म्हणजे दात कोरायचं यंत्र. ५:५०, ६:५०, ७:२०, ७:५० आणि ८:३० अशी पाच कामं हवेवर फिरणाऱ्या हँडपीसची, म्हणजे एअरोटरची आहेत. क्लिनिकमध्ये तीनच एअरोटर असतील तर ७:५० ला पेशंट खुर्चीत आणि यंत्र निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये. १२१ डिग्रीला धरायची १५-२० मिनिटंच असली, तरी तापणं, वाफ सोडणं, सुकणं धरून पाऊण तास जातो. असिस्टंट ‘भांडं भरू दे, मग लावते’ म्हणते, तिथेच संध्याकाळ अडते. पहिला एअरोटर ६:४० ला अर्ध्या भरलेल्या भांड्यातही लावायचा, म्हणजे साडेसातला बाहेर येतो. ७:२० चा लगेच ७:४० ला आत गेला तर साडेआठला जेमतेम मिळतो, म्हणून चौथा घेतलेला बरा. ओळखायची खूण: पेशंट बसलाय, मॅडम उभ्या आहेत आणि दोघं सिंककडे बघतायत.

आता न येणाऱ्यांबद्दल. कागदावर दोन आठवड्यांनी बघा, दांड्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. सगळ्यात जास्त रूट कॅनॉलच्या दुसऱ्या बैठकीला असतात. पहिल्या बैठकीत दुखणं थांबतं, मग माणूस म्हणतो झालं की काम. दुसरी लांबच्या तारखांना. पंधरा दिवसांनंतरची तारीख कुणाच्या लक्षात राहते?

म्हणून पेशंट खुर्चीतून उठायच्या आधी मॅडमनी स्वतः सांगायचं, ‘दुखायचं थांबेल, पण वरचं सिमेंट तात्पुरतं आहे. फार दिवस लांबवलंत तर ते झिरपतं आणि आत परत घाण जाते.’ हे वाक्य रिसेप्शनवरून ऐकलं तर पैशासाठी वाटतं. खुर्चीत ऐकलं तर पटतं. तारीख तिथेच द्यायची, ‘फोन करून कळवतो’ म्हणणाऱ्यालाही.

दंतकथा
आठवण तर आम्ही पाठवतो. रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर त्या दिवशीच्या सगळ्यांना. तरीही लोक म्हणतात, मेसेज आलाच नाही.

निशिगंध
खरंच आला नसेल. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही. नवीन पेशंट तो कशाला सेव्ह करेल? एकेकाला वेगळा पाठवा, आठ जणांना पाच मिनिटं लागत नाहीत. बिझनेस ॲपमध्ये मजकूर क्विक रिप्लाय म्हणून ठेवा. घाऊक एसएमएस लावायचे असतील तर टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते, आठ पेशंटसाठी तो खटाटोप नको.

दुसरी चूक वेळेची. त्याच दिवशी सकाळी पाठवून कुणी नाही म्हटलं, तर जागा भरायला दिवसच उरत नाही. दोन दिवस आधी पाठवा, आणि उत्तर द्यावं लागेल असा. आमचा मजकूर असा:

‘नमस्कार, गुरुवारी संध्या. ७:५० ला आपली वेळ राखून ठेवली आहे. येणार असाल तर “हो” पाठवा. जमणार नसेल तर “बदल” पाठवा, दुसरी वेळ देऊ.’

त्यात रूट कॅनॉल, कवळी वगैरे काही लिहायचं नाही. फोन घरात कुणाच्याही हातात असतो. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही, तर एक फोन. तोही उचलला नाही तर वहीत नावाला गोल करा: कच्ची वेळ. नाव खोडायचं नाही, माणूस येऊ शकतो. फक्त त्या वेळेसाठी ऐनवेळच्या यादीतला एक माणूस तयार ठेवायचा.

सदाशिव_पेठी
‘हो’ पाठवूनही मला पाऊण तास बसवलंत, तर पुढच्या वेळी मी ‘हो’ पाठवून पाऊण तास उशिरा येईन. तुमच्याकडे उशीर होतोय हे मेसेजने का कळवत नाही? घरातून निघायच्या आधी कळलं तर माणूस चिडत नाही.

निशिगंध
काका, हे मात्र शंभर टक्के मान्य. २० मिनिटांपेक्षा जास्त मागे पडलो, की पुढच्या दोघांना कळवायचं, तिसऱ्याला नाही. तोपर्यंत मधलं रिकामं दहा मिनिटांचं खातं बरंचसं भरून काढतं.

दंतकथा
ऐनवेळची यादी म्हणजे?

निशिगंध
‘मधे कुणी रद्द केलं तर मला बोलवा’ असं म्हणणारे. चार गोष्टी लिहायच्या: नाव, किती मिनिटांचं काम, कुठून येणार, कुठल्या वेळी मोकळा. कोथरूडचं क्लिनिक असेल तर डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, कर्वेनगर इथलेच. हिंजवडीहून संध्याकाळी सहाला कुणी अर्ध्या तासात पोचत नाही, यादीत नाव असून उपयोग शून्य. ४० मिनिटांचं भोक पडलं तर २० मिनिटांच्या कामाचे दोन चालतील, पण ६० मिनिटांचा नको.

आणि मेसेज एका वेळी एकालाच. ‘आज ७:५० ला येता का? दहा मिनिटांत कळवा.’ नाही आलं तर पुढच्याला. ग्रुपवर टाकलंत तर एका जागेला तिघं येतात आणि दोघांची माफी मागत बसावं लागतं.

आडवातिडवा
मला अजूनही वाटतं, सगळ्यांकडून ₹५०० आगाऊ घ्या यूपीआयवर. न आला तर जप्त. एका झटक्यात सरळ होतील.

कात्री_कंगवा
केराटिन किंवा हेअर स्पाला आम्ही ₹३०० घेतो, बिलात वळते करतो. दांड्या खरंच कमी होतात. साध्या कटिंगला मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

मिनिटमास्तर
सगळ्यांकडून नको. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्याला आधी ₹५०० पाठवा म्हणणं बरं दिसत नाही, आणि तो तर येणारच असतो. तासभराचं काम, किंवा दोनदा न कळवता न आलेला, एवढ्यांपुरतं ठेवा. रूट कॅनॉलला त्यापेक्षा चांगला मार्ग आहे: फीचा मोठा भाग पहिल्या बैठकीलाच घ्या. पैसे गुंतले, की दुसऱ्या बैठकीला माणूस येतो. जप्तीची भाषा लागत नाही.

निशिगंध
याला मात्र माझा विरोध. आधी मोठी रक्कम मागितली, की पहिल्याच बैठकीला ‘विचार करून सांगतो’ म्हणून जाणारे वाढतात. ते तुमच्या कागदावर दांडी म्हणून दिसतच नाहीत, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं.

मिनिटमास्तर
हं. ते खरं आहे. मग ‘सांगतो म्हणून गेले’ असाही एक आकडा ठेवावा लागेल. पूर्वी किती जात होते हे माहीत नसेल तर वाढले की नाही तेही कळणार नाही.

सदाशिव_पेठी
पैसे परत द्यायची वेळ आली तर त्याच दिवशी देणार का, की ‘पुढच्या ट्रीटमेंटमध्ये ॲडजस्ट करू’?

दंतकथा
काका, हे मॅडमना विचारून सांगते. आणखी एक: गुरुवारी आमच्याकडे लाइट बरेचदा जाते. त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट कशा धरायच्या?

निशिगंध
गुरुवार महावितरणचा देखभालीचा वार, पुण्यात हे गृहीतच धरायचं. नळाचं पाणीही बरेचदा गुरुवारीच बंद असतं. इन्व्हर्टरवर खुर्चीचा दिवा चालतो, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह चालत नाहीत. म्हणून गुरुवारी सकाळी फक्त तपासणी, टाके आणि कवळीचं फिटिंग. एअरोटरचं एकही काम नाही. बुधवारी रात्री टाकी भरलीय का बघायचं आणि सगळे हँडपीस निर्जंतुक करून ठेवायचे, म्हणजे संध्याकाळ सुरळीत जाते. वहीत गुरुवारची सकाळ वर्षभरासाठी आधीच वेगळ्या रंगाने आखून ठेवा. गणपतीतल्या संध्याकाळीही तशाच आखा. पेठांतून येणारे पेशंट त्या दहा दिवसांत संध्याकाळी पोचत नाहीत, त्यांना सकाळच द्या.

कात्री_कंगवा
ऐनवेळच्या यादीतल्याला थोडी सवलत द्यावी का? म्हणजे लोक खुशीने येतील.

मिनिटमास्तर
नको. सवलत मिळते हे कळलं, की लोक ठरलेली वेळ घ्यायच्या ऐवजी यादीतच नाव घालतात. त्यांना पंधरा दिवस थांबण्याऐवजी आज काम होतंय, हीच सवलत.

निशिगंध
सलूनला चालेल की, मंगळवारी दुपारी. तिथे यादी नसते, रिकामी खुर्ची असते.

कात्री_कंगवा
रविवारचं कुणी बोललंच नाही.